सोयाबीनचा दर ठरला, पण उरलेले ८५० रुपये कोणाचे? शेतकरी कंपनीचं इतिवृत्त वाचताना

सोयाबीनचा हंगाम आटोपला की निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज या पट्ट्यात एकच प्रश्न ऐकू येतो. "कंपनीला माल घातला, पण बाकीचे पैसे कधी?" शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठका याच सुमारास होतात. तीन-चार तास चर्चा चालते, चहा होतो, सह्या होतात आणि दोन पानांचं इतिवृत्त तयार होतं. त्यात खरेदीचा दर, सभासदांची देणी आणि पुढच्या खरिपाचं नियोजन असे तीन विषय हमखास असतात. हे तिन्ही विषय वेगवेगळे वाटतात, पण त्यांच्यात फिरणारा पैसा एकच असतो. त्यामुळे या दोन पानांतला एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तरी सभासदाच्या हक्काच्या पैशाची भाषा 'मिळेल तेव्हा मिळेल' अशी होऊन बसते.

हे नेमकं कसं होतं ते समजण्यासाठी एक नमुना घेऊ. कंपनी कल्पित आहे आणि दर, खर्च, क्विंटल हे आकडे हिशेबापुरते आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत.

कंपनीची नोंदणी कर्नाटकात, कार्यालय निपाणी तालुक्यात. सभासद ४१२, त्यातले काही सीमेपलीकडच्या कागल तालुक्यातले. उत्पादक कंपनी केंद्राच्या कंपनी कायद्याखाली नोंदली जाते, त्यामुळे दोन राज्यांतले शेतकरी एकाच कंपनीचे सभासद होऊ शकतात. प्रत्येकाचा हजार रुपयांचा शेअर आहे, म्हणजे ४ लाख १२ हजारांचं भांडवल. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेतून तेवढंच समभाग अनुदान मिळालं. कंपनीचा स्वतःचा पैसा झाला ८ लाख २४ हजार. त्यावर ३० लाखांची कर्जमर्यादा, व्याज १४ टक्के. या हंगामात १६० सभासदांनी मिळून २,००० क्विंटल सोयाबीन घातलं.

दर म्हणजे सूत्र

ऑक्टोबरच्या बैठकीत मंडळाने ४,२५० रुपये दर ठरवला. सभासदांचा पहिला सवाल असतो, "हमीभाव ५,३२८ असताना कंपनी ४,२५० का देते?" २०२५-२६ च्या खरिपासाठी केंद्राने जाहीर केलेला हमीभाव ५,३२८ रुपये आहे हे बरोबर. पण तो दर मिळतो सरकारी खरेदी केंद्रावर. तिथे पैसे सरकारी यंत्रणेकडून थेट शेतकऱ्याच्या खात्यात जातात आणि कंपनी केंद्र चालवत असली तरी माल तिचा नसतो. स्वतःच्या पैशाने घेतलेला माल कंपनीला तेलाच्या प्लांटलाच विकावा लागतो आणि प्लांट बाजारभावानेच घेतो.

आपल्या नमुन्यात प्लांटचा पोहोच दर ४,४८० रुपये आहे. त्यातून क्विंटलमागे बारदान ३०, हमाली-तोलाई २५, वाहतूक ६५, चाळणी १५ आणि कार्यालयाचा खर्च ३५ रुपये जातात. प्लांटचे पैसे २० दिवसांनी येतात असं धरलं, तर तेवढ्या काळाचं व्याज २६ रुपये. एकूण खर्च १९६. सभासदाला ४,२५० दिले तर कंपनीकडे उरतात ३४ रुपये. क्विंटलला ३४ रुपये, एवढ्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

बाजार रोज हलतो आणि मंडळ रोज बसू शकत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी मुख्य कार्यकारी अधिकारी फोनवरून विचारून दर बदलतो आणि पुढच्या बैठकीत 'खरेदी दरास कार्योत्तर मंजुरी देण्यात आली' अशी एक ओळ पडते. ही ओळ दिसली की सावध व्हावं. कोणत्या दिवशी कोणाला कोणता दर दिला, हे तिच्यात कुठेच येत नाही. संचालकाच्या भावकीचा माल चढ्या दिवशी आणि बाकीच्यांचा उतरत्या दिवशी घेतला, तरी कागदावर सगळं मंजूरच असतं. त्यापेक्षा मंडळाने सूत्र ठरवून द्यावं: प्लांटचा त्या दिवशीचा लेखी दर वजा २३० रुपये. तो दर सकाळी काट्यावर फळ्यावर लिहावा आणि इतिवृत्ताला तारीखवार दरांचा तक्ता जोडावा. अधिकाऱ्याचे हात बांधले जात नाहीत आणि सभासदाला आपल्या पट्टीवरचा दर पडताळता येतो.

एक टक्का ओलावा, ४७ रुपये

दराच्या ठरावात ओलाव्याचा आकडा नसेल तर तो ठराव अर्धाच आहे. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. प्लांट मात्र सहसा १० टक्क्यांचा पाया धरतात.

कपात किती करायची यावर काट्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. '१० च्या वर प्रत्येक टक्क्याला एक किलो' हा सर्रास चालणारा नियम, पण हिशेब तसा बसत नाही. १४ टक्के ओलावा असलेल्या १०० किलो सोयाबीनमध्ये कोरडा माल ८६ किलो असतो. तोच १० टक्क्यांवर आणला तर वजन भरतं ९५ किलो ५६० ग्रॅम. म्हणजे घट ४ किलो नसून सुमारे ४.४४ किलो. चारच किलो कापले तर कंपनीला क्विंटलमागे सुमारे १९ रुपयांचा फटका. ३४ रुपयांतले निम्म्याहून जास्त तिथेच गेले.

मीटर चुकला तर गोष्ट याहून वाईट. ओलावा ११ टक्के असताना मीटरने १० दाखवला, तर कंपनीने क्विंटलमागे १.११ किलो पाण्याचे पैसे दिले, ४७ रुपये. सगळी बचत गेली आणि वर पदरचे १३. उलट मीटर एक टक्का जास्त दाखवत असेल तर तेवढाच फटका शेतकऱ्याला. म्हणून हंगामाआधी मीटर तपासून घेतला का, प्लांटच्या मीटरशी त्याचा आकडा ताडून पाहिला का, याची नोंद इतिवृत्तात हवी. ती आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. प्रत्येक ट्रकचा कंपनीने मोजलेला सरासरी ओलावा आणि प्लांटच्या पावतीवरचा ओलावा शेजारी शेजारी ठेवायचा. फरक सतत एकाच बाजूला पडत असेल तर मीटर चुकतोय.

८० टक्के आज, २० टक्के कधी?

दोन हजार क्विंटल गुणिले ४,२५०, म्हणजे ८५ लाख रुपये. कंपनीकडे स्वतःचे सव्वाआठ लाख आणि कर्जाचे ३० लाख. पूर्ण पैसे रोख द्यायचे ठरवले, तर एका वेळी सुमारे ९०० क्विंटलच घेता येतात. पुढचा माल घ्यायला प्लांटचे पैसे येईपर्यंत थांबावं लागतं आणि शेतकऱ्याचं खळं काही थांबत नाही. म्हणून मंडळाने ठरवलं की वजनानंतर तीन दिवसांत ८० टक्के, म्हणजे ३,४०० रुपये द्यायचे. उरलेले ८५० प्लांटचा हिशेब झाल्यावर. आता त्याच पैशात एका वेळी अकराशेच्या वर क्विंटल बसतात आणि दोन फेऱ्यांत खरेदी उरकते.

यात बेकायदा काही नाही. कंपनी कायद्याच्या कलम ३७८-ई मध्ये ही सोय आहे. सभासदाला सुरुवातीला मंडळ ठरवेल तेवढी किंमत द्यायची आणि राखून ठेवलेली किंमत नंतर रोख, वस्तुरूपाने किंवा शेअरच्या रूपाने, घातलेल्या मालाच्या प्रमाणात द्यायची. कायद्याच्या व्याख्येत राखीव किंमत म्हणजे देय असलेल्या किमतीचाच एक भाग, फक्त देण्याची तारीख पुढची. ते ८५० रुपये सभासदाचेच आहेत.

आता तेच ८५० रुपये इतिवृत्तात वेगळ्या शब्दांत येतात तेव्हा काय होतं ते पाहा. एका प्रकारे ठराव असा लिहिला जातो: 'सोयाबीन खरेदी दर रु. ३,४००. हंगामाअखेर सभासदांना रु. ८५० पर्यंत बोनस देण्याचे ठरले.' बैठकीत बसलेल्या कोणालाच यात काही वावगं वाटत नाही, बोलताना सगळे 'बोनस'च म्हणतात. पण कायद्यात बोनसचा अर्थ वेगळा आहे. सहभागाच्या प्रमाणात मिळणारा बोनस वर्षाच्या नफ्यातून निघतो. आधी हिशेब तयार व्हावे लागतात, राखीव निधी बाजूला काढावा लागतो, आणि बोनसला मंजुरी द्यायचा अधिकार वार्षिक सर्वसाधारण सभेचा आहे, संचालक मंडळाचा नाही. नफा झाला नाही तर बोनसही नाही. म्हणजे शब्द बदलला की सभासदाचं देणं कंपनीच्या मर्जीवर गेलं.

खरा बोनस किती निघतो तेही पाहण्यासारखं आहे. दोन हजार क्विंटलवर ३४ रुपयांप्रमाणे सगळे मिळून ६८ हजार. त्यातला एक पैसा मागे न ठेवता वाटला, तरी २० क्विंटल घालणाऱ्याला ६८० रुपये. त्यामुळे 'यंदा क्विंटलला दोनशे बोनस देऊ' असं कोणी सभेत बोललं, तर ते पैसे येणार कुठून, एवढाच प्रश्न विचारावा.

नीट ठराव असा असतो: 'दर रु. ४,२५०, ओलावा १० टक्के. पैकी रु. ३,४०० वजनानंतर तीन दिवसांत. राखीव किंमत रु. ८५०, संबंधित ट्रकचे पैसे प्लांटकडून जमा झाल्यापासून सात दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ३१ जानेवारीपर्यंत, सभासदाच्या बँक खात्यात.' हाच आकडा शेतकऱ्याच्या पट्टीवरही हवा. पट्टीवर ३,४०० आणि इतिवृत्तात ४,२५० असेल तर वादात पट्टीच पुढे केली जाते.

सभासदाच्या बाजूनेही हिशेब करायला हवा. २० क्विंटल वाळलेला माल असलेल्या शेतकऱ्याला गावातला व्यापारी ४,१५० ने जागेवर ८३ हजार देतो. कंपनी तीन दिवसांत ६८ हजार देते आणि १७ हजार नंतर. शेवटी कंपनीकडे २,००० रुपये जास्त मिळतात, पण आज हातात १५ हजार कमी येतात. सोसायटीचा हप्ता किंवा घरातलं लग्न तोंडावर असेल आणि ते १५ हजार महिना तीन टक्क्यांनी उचलावे लागले, तर दीड महिन्यात ६७५ रुपये व्याज जातं. तरीही कंपनीकडे तेराशेचा फायदा राहतो. पण वाट पाहणं पाच महिन्यांवर गेलं तर २,२५० रुपये व्याज होतं आणि व्यापारीच परवडला असं ठरतं. सभासद दुसरीकडे माल घालतात म्हणून त्यांना दोष देण्याआधी मंडळाने ही तारीख पाळली का, हे बघावं.

जानेवारीची बैठक

नमुन्यातली कंपनी जानेवारीत पुन्हा बसते. कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांत किमान एक बैठक व्हावीच लागते. गणपूर्तीला एक तृतीयांश संचालक लागतात, पण तीनपेक्षा कमी चालत नाहीत. नऊ संचालकांपैकी सहा आले, बैठक वैध झाली.

देण्यांची स्थिती अशी. १,२०० क्विंटलचे पैसे प्लांटने वेळेत दिले आणि त्यावरचे राखीव १० लाख २० हजार सभासदांच्या खात्यात गेले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलेल्या ८०० क्विंटलचे पैसे ४५ दिवस झाले तरी आलेले नाहीत. त्यावरचे ६ लाख ८० हजार सभासदांना द्यायचे राहिले आहेत. तीन हजार चारशे रुपये उचल देऊन बसलेल्या कंपनीला त्या मालावर क्विंटलमागे दिवसाला सव्वा रुपयाहून थोडं जास्त व्याज लागतं. ८०० क्विंटलचे रोज हजार रुपये. २० ऐवजी ४५ दिवस लागले, म्हणजे या मालातली ३४ रुपयांची बचत जवळपास संपली. उद्यापासून कंपनी तोट्यात.

अशा वेळी इतिवृत्तात सहसा एवढंच लिहिलं जातं: 'उर्वरित रक्कम लवकरात लवकर अदा करण्यात यावी.' ज्याचे पैसे अडकलेत त्याला या ओळीतून काहीही कळत नाही. किती क्विंटल, किती सभासद, किती रक्कम, कोणाकडे अडकली, मागणीपत्र कधी दिलं आणि पुढच्या हंगामात त्या प्लांटला माल द्यायचा का, या सहा गोष्टी लिहिल्या की तीच ओळ कामाची होते. ट्रकवार नोंद असेल तर आणखी एक फायदा होतो. सगळ्या सभासदांचे पैसे थांबवावे लागत नाहीत. ज्यांचा माल पैसे आलेल्या ट्रकमध्ये होता त्यांना वेळेत मिळतात. मात्र मंडळाने आधीच 'सर्वांना समान वागणूक, उशिराचा भार सगळ्यांवर' असं ठरवलं असेल, तर तसं ऑक्टोबरच्याच ठरावात हवं. पैसे अडकल्यावर नियम ठरवायला गेलं की भांडण ठरलेलं.

बियाण्याला पैसा कुठून?

त्याच बैठकीतला तिसरा विषय पुढच्या खरिपाचा. सभासदांकडून ५०० एकरांची मागणी आली. एकरी ३० किलो धरले तर १५० क्विंटल बियाणं, म्हणजे ३० किलोच्या ५०० पिशव्या. काही सभासदांनी गेल्या खरिपात बीजोत्पादनाचे प्लॉट नोंदवले होते. त्यांचा माल कंपनीने घ्यायचा, चाळून-निवडून बियाणं करायचं असं ठरलं. चाळणीत वीस टक्के जातात, म्हणून १९० क्विंटल घ्यावे लागतील. त्याला बाजारापेक्षा ५०० रुपये जास्त, म्हणजे ४,७५० दिले तर होतात ९ लाखांच्या वर.

इथे तिन्ही विषय एकमेकांना भिडतात. कंपनीचा स्वतःचा सगळा पैसा सव्वाआठ लाख आहे. कर्जाची मर्यादा अडकलेल्या ८०० क्विंटलमध्ये बरीचशी गुंतलेली आहे. मग प्लांटचे पैसे येताच ते बियाण्यात घालायचा मोह होतो. "सभासदांचे पैसे काय, महिनाभराने देऊ, बियाणं आत्ता घेतलं नाही तर जूनमध्ये मिळणार नाही," असं कोणीतरी बोलतं आणि ते खोटंही नसतं. पण बियाणं जूनमध्ये उधारीवर जातं आणि त्याची वसुली ऑक्टोबरच्या मालातून होते. म्हणजे नोव्हेंबरमध्ये सोयाबीन घातलेल्या शेतकऱ्याचे ८५० रुपये वर्षभर दुसऱ्याच्या शेतात पेरलेले राहतात, त्याला न विचारता. गोड बोलणारे संचालक असूनही बऱ्याच कंपन्यांकडे दुसऱ्या वर्षी माल येत नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

यातून वाट कायद्यातच आहे. राखीव किंमत वस्तुरूपानेही देता येते. ज्या सभासदाचे पैसे राहिलेत आणि ज्याला बियाणं हवंय, त्याच्याकडून लेखी संमती घेऊन रक्कम बियाण्यात वळती करता येते. समजा पिशवी २,१०० ची आहे. चार पिशव्या लागणाऱ्याचे ८,४०० वळते झाले, बाकीचे रोख. ज्याला नको त्याला पूर्ण रोख, आणि तीही आधी. ठरावात क्रम लिहिला की झालं: प्लांटचा पैसा आला की पहिल्यांदा राखीव किंमत, मग कर्ज, मग बियाणं. बियाण्यासाठी कमी पडेल तेवढी आगाऊ रक्कम पिशवीमागे नोंदणी करून घ्यावी. पाचशे पिशव्यांची मागणी खरी आहे की हात वर करण्यापुरती, तेही त्यातून कळतं.

उधारीलाही मर्यादा आहे. सभासदाला व्यवसायासाठी द्यायची पत कलम ३७८-झेडके प्रमाणे सहा महिन्यांपर्यंतच देता येते. १० जूनला दिलेलं बियाणं १० डिसेंबरपर्यंत वसूल व्हायला हवं. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, त्यामुळे मुदत जुळते. पण ही वसुली पहिल्या ८० टक्क्यांतून करायची की राखीव २० टक्क्यांतून, हे आधीच लिहावं लागतं. पहिल्यातून कापली तर शेतकऱ्याच्या हातात आणखी कमी येतं आणि तो व्यापाऱ्याकडे वळतो. राखीवातून कापणं दोघांनाही सोयीचं.

बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय वाटप नको. सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोती आपटली, थप्पी उंच लावली किंवा माल मळणीतच फुटला, तर डोळ्यांना चांगलं दिसणारं बी उगवत नाही. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून आठवड्याने मोजले तरी अंदाज येतो. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो, साठच उगवले तर ३५ किलो पेरावं लागेल, आणि मग १५० क्विंटल पुरणार नाहीत. म्हणून एप्रिल आणि मे अशी दोनदा तपासणी आणि तिचा लॉटवार आकडा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हवा.

सीमेच्या अलीकडे-पलीकडे

कंपनी एक असली तरी कागदपत्रं दोन राज्यांची आहेत आणि इतिवृत्तात नेमकं हेच सुटतं. बियाणं विकायला परवाना लागतो आणि तो त्या-त्या राज्याचा कृषी विभाग विक्रीच्या ठिकाणासाठी देतो. निपाणीच्या परवान्यावर कागलच्या गावात पिशव्या उतरवून विकता येत नाहीत. तिथे विक्री केंद्र हवं असेल तर महाराष्ट्राचा परवाना आधी काढावा लागेल, नाहीतर सभासदांनी निपाणीला येऊन पावती करून न्यावं. 'सर्व गावांत वाटप करावे' एवढ्या ठरावाने अधिकारी अडचणीत येतो.

हमीभावाच्या खरेदीतही तसंच. कागलचा शेतकरी सातबारा आणि पीकपेऱ्यावर महाराष्ट्राच्या केंद्रावर नोंदणी करतो, निपाणीचा पाहणी उताऱ्यावर कर्नाटकच्या. कंपनीने निपाणीला हमीभावाचं केंद्र घेतलं, तरी कागलच्या सभासदाचा माल तिथे घेता येत नाही. म्हणून राज्यवार सभासद यादी आणि हमीभाव व स्वतःची खरेदी यांची वेगळी खाती, हे नियोजनाच्या ठरावातच यायला हवं. इंदूर-उज्जैनकडच्या वाचकांना हा अनुभव वेगळ्या रूपात आला. २०२५ च्या खरिपात मध्य प्रदेश सरकारने सोयाबीनला भावांतर योजना लावली. हमीभाव आणि सरकारने काढलेला सरासरी दर यांतला फरक खात्यात येणार होता, पण नोंदणी केलेल्या शेतकऱ्याने मंडीत विकलेल्या मालावर. तिथल्या कंपनीने बांधावर खरेदी केली असती तर सभासदाचा तो लाभ गेला असता. राज्य बदललं की खरेदीची जागासुद्धा दराचा भाग बनते.

सभासदाला कागद कसा मिळणार?

आणि हे सगळं वाचायचं कुठे? सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहण्याचा हक्क सभासदाला कायद्याने आहे. संचालक मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्ताला तो हक्क लागू नाही. म्हणजे दर, देणी आणि बियाण्याचे निर्णय ज्या कागदावर होतात तो कागद सामान्य सभासद मागून घेऊ शकत नाही. संचालकांनीच ठराव करून उतारा बाहेर लावला, तरच तो दिसतो. तो लावताना भाषेचाही विचार हवा. निपाणी भागात कागदपत्रं कन्नड किंवा इंग्रजीत होतात आणि माल घालणारे अनेकजण मराठी वाचतात. एका पानावर दर, ओलावा, राखीव रक्कम, द्यायची तारीख आणि अडकलेले क्विंटल, एवढं मराठी आणि कन्नड दोन्हींत काट्याशेजारी लावायला खर्च येत नाही.

तसं होत नसेल तर वार्षिक सभा हा सभासदाचा मार्ग. तिथे गणपूर्तीला एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश लागतात, नमुन्यातल्या कंपनीत १०३ जण. त्या सभेत तीनच प्रश्न विचारावेत. ताळेबंदात 'सभासदांची देय राखीव किंमत' म्हणून किती रक्कम दाखवली आहे? त्यातली ३१ जानेवारीनंतरची किती? आणि बियाण्याची खरेदी झाली त्या दिवशी ही रक्कम बँकेत शिल्लक होती का?

ताळेबंदात ती ओळच नसेल, तर ऑक्टोबरच्या ठरावात ८५० रुपयांसमोर कोणता शब्द लिहिला होता, याचं उत्तर मिळालं.